९७ टक्के ॲक्युरसी आली आणि गाडी थेट भिंतीवर गेली

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही तिघांनी हातमोज्यावर चालणारी रोबो कार घेतली होती. हात पुढे झुकवला की पुढे, मागे झुकवला की मागे, डावं-उजवं तसंच, सपाट धरला की थांब, आणि हात हवेत गोल फिरवला की गाडी जागेवर गिरकी घेणार. मोज्याच्या पाठीवर एमपीयू-६०५० सेन्सर आणि ईएसपी-३२, गाडीत दुसरा ईएसपी-३२ आणि मोटर ड्रायव्हर. वायरिंगवर लिहिलेलं ढिगानं मिळतं म्हणून त्यात शिरत नाही, हाताची खूण ओळखणारं मशीन लर्निंग मॉडेल बनवण्यात आमचे दोन आठवडे गेले, तेवढंच सांगते.

आधी सेन्सरचे आकडे नुसते बघत बसा. ±२जी रेंजला १जी म्हणजे १६३८४, त्यामुळे हात सपाट असला की झेड अक्षावर साधारण तेवढं दिसतं आणि बाकी दोन शून्याच्या आसपास. हात ३० अंश पुढे झुकवला की एक्सवर त्याच्या निम्मं, म्हणजे ८१९२ च्या जवळपास. हे गुरुत्वाकर्षणच आहे, त्यामुळे हात सपाट ठेवूनच मनगट डावीकडे वळवलं तर वळून थांबल्यावर आकडे जिथल्या तिथे. आम्ही डावं वळण आधी तसंच ठेवलं होतं आणि मॉडेल काही केल्या शिकेना, मग तळहात कलता करायचा असं ठरवलं.

खरं सांगायचं तर नुसत्या झुकवण्यासाठी मॉडेल लागतच नाही, चार if लिहिले की झालं, आणि गाईड हे विचारतातच. आम्हाला गिरकीसाठी लागलं, कारण तिथे हात कुठे आहे यापेक्षा कसा हलतोय हे महत्त्वाचं.

सेकंदाला ५० रीडिंग, एका सेकंदाची विंडो, पुढची विंडो अर्धा सेकंद सरकून. प्रत्येक अक्षाची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन असे सहाच फीचर, त्यावर रँडम फॉरेस्ट. सरासरी झुकाव सांगते, डेव्हिएशन हालचाल. ९७ टक्के आले, आम्ही खूश, गाडी चालू केली आणि "थांब"ला ती पुढे निघाली, सरळ भिंतीवर.

चूक अशी होती की शेजारच्या दोन विंडोंमध्ये निम्मा डेटा तोच असतो, आणि आम्ही विंडो पत्त्यांसारख्या पिसून ट्रेन-टेस्ट केल्या, म्हणजे पेपरातले प्रश्न आधीच फुटलेले. बरं, सगळं रेकॉर्डिंगही एकाच बैठकीत, मोजा न काढता! मग तिघांनी प्रत्येकी दोनदा, दर वेळी मोजा काढून परत घालून रेकॉर्ड केलं आणि एक पूर्ण बैठक बाजूला ठेवून तपासलं.

```python
cv = GroupKFold(n_splits=6)
cross_val_score(model, X, y, groups=session, cv=cv)
```

७१ टक्के. तोंडं उतरली, पण गाडी जे करत होती ते या आकड्याशी जुळत होतं. कन्फ्युजन मॅट्रिक्स काढल्यावर दिसलं की चुका बहुतेक सगळ्या "थांब" आणि "पुढे" यांच्यातच. मोजा परत घालताना सेन्सर १५ अंशांनी जरी कलला तरी एक्सवर आयते ४२०० येतात, म्हणजे थांबलेला हात मॉडेलला अर्धवट पुढे झुकलेला वाटतो. सेन्सर आधी वेलक्रोवर होता, तो दोऱ्यानं शिवून टाकला, आणि चालू केल्यावर दोन सेकंद हात सपाट धरून ते रीडिंग पुढच्या सगळ्यातून वजा केलं. कलणं थोडं असेल तोवर हे चालतं, मोजा पार फिरला तर नाही. यावर ९२ पर्यंत गेलो.

तरी चष्मा सारखा केला की गाडी गिरकी घ्यायची, कारण मॉडेलला सहातलं एक उत्तर द्यावंच लागतं ना. मग "काहीच नाही" हा सातवा वर्ग केला, त्यात डोकं खाजवणं, पाणी पिणं, हातवारे करत गप्पा असं पाच मिनिटं रेकॉर्ड केलं. हा वर्ग आला की गाडी थांबते.

राहिला उशीर. एका सेकंदाची विंडो आणि शेवटच्या तीन विंडोंपैकी दोन विंडोंची मतं जुळली तरच हुकूम, म्हणजे हात सपाट केल्यावरही गाडी सेकंदभर पुढेच. आमची गाडी सेकंदाला साधारण ४० सेंमी जायची, तेवढ्यात खुर्चीचा पाय येतोच. विंडो अर्ध्या सेकंदाची केली, दर ०.१ सेकंदाला निकाल, मतं तीच. गिरकी थोडी जास्त चुकायला लागली पण थांबणं सुधारलं, आणि मला विचाराल तर थांबणं आधी.

एक गोष्ट मॉडेलची नाही पण डेमोच्या आदल्या रात्री तिनेच रडवलं. मोज्याची बॅटरी मेली आणि गाडीला शेवटचा हुकूम "पुढे" मिळालेला, ती कपाटाखाली जाऊन चाकं फिरवत बसली. आता गाडीच्या कोडमध्ये ३०० मिलिसेकंद पॅकेट आलं नाही की मोटर बंद.