आयोगाच्या निकालावर लक्ष कसे ठेवावे आणि ‘अद्याप प्रसिद्ध नाही’ हे नेमके कसे कळवावे

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकेत निकालाची खबर ठेवण्याचे काम कुणाकडे तरी येतेच, आणि मी ते बराच काळ करत आलो आहे. ‘दर पाच मिनिटांनी पान उघडून बघा’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला निरुपयोगी आहे, कारण खरी चूक पान पाहताना क्वचितच होते. ती पाहिलेले दुसऱ्याला सांगताना होते.

पान पाहण्याची रीत सोपी आहे. mpsc.gov.in या आयोगाच्या अधिकृत संकेतस्थळावरच जावे, जाहिरात क्रमांक आणि परीक्षेचे पूर्ण नाव जवळ लिहून ठेवावे, आणि दिवसातून दोनदा, दुपारी व संध्याकाळी, यादीतील सर्वांत वरच्या नोंदीचे शीर्षक व दिनांक वहीत टिपावा. कालची नोंद आजही सर्वांत वर असेल तर नवे काही आलेले नाही. मात्र ब्राउझर जुनेच पान दाखवत असण्याची शक्यता असल्याने संगणकावर Ctrl+F5 दाबून पान पुन्हा मागवावे.

आता अवघड भाग. आयोगाच्या परीक्षेत ‘निकाल’ म्हणजे एकच कागद नसतो. पूर्व परीक्षेनंतर आधी पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात, मग अंतिम उत्तरतालिका येते आणि त्यानंतर मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरलेल्यांचे बैठक क्रमांक प्रसिद्ध होतात. मुख्य परीक्षा व मुलाखतीनंतरही गुणवत्ता यादी वेगळी आणि शिफारस यादी वेगळी असते. त्यामुळे कोणता टप्पा हे न सांगता लिहिलेले ‘निकाल आला नाही’ हे वाक्य वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि अंतिम उत्तरतालिका येताच ‘निकाल लागला’ अशी आवई उठते तीही याच ढिलाईमुळे.

दुसरी गल्लत अधिक त्रासदायक आहे. पान उघडलेच नाही, पान उघडले पण यादी नव्हती, यादी होती पण आपला क्रमांक नव्हता, आणि क्रमांक होता पण निकाल राखून ठेवला होता, या चार अगदी भिन्न स्थिती आहेत. पान उघडले नसेल तर निकाल प्रसिद्ध झाला नाही असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारच नाही. ‘संध्याकाळी सहा वाजता संकेतस्थळ उघडले नाही, त्यामुळे स्थिती कळू शकली नाही’ एवढेच लिहावे. यादीत क्रमांक सापडला नाही तर ती पीडीएफ शोधता येणारी आहे की नुसते स्कॅन केलेले चित्र आहे, हे आधी तपासावे, कारण चित्रात शोध घेतला तर असलेला क्रमांकही मिळत नाही. तिथे यादी डोळ्यांनीच वाचावी लागते, आणि घाईत एखाद्या मुलाला ‘तुझे नाव नाही’ असे सांगणे मला अक्षम्य वाटते.

समजा, एका पूर्व परीक्षेची अंतिम उत्तरतालिका सोमवारी प्रसिद्ध झाली आणि गुरुवारी मुले विचारू लागली. तेव्हा मी असे लिहीन: ‘जाहिरात क्रमांक अमुक, पूर्व परीक्षा. मुख्य परीक्षेसाठी पात्र उमेदवारांची यादी गुरुवारी सायंकाळी सहा वाजेपर्यंत आयोगाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेली नव्हती. या परीक्षेची तेथील शेवटची नोंद सोमवारची अंतिम उत्तरतालिका ही आहे. यादीच्या दिनांकाबाबत आयोगाची घोषणा तेथे आढळली नाही.’ यात परीक्षा, टप्पा, ठिकाण व वेळ आहे, आणि काय प्रसिद्ध झाले आहे तेही आहे. वाचणारा सात वाजता स्वतः पान उघडेल तेव्हा यादी आलेली असली तरी आपले विधान खोटे ठरणार नाही.

या मजकुरात ‘लवकरच’, ‘बहुधा उद्या’ आणि ‘आतल्या गोटातून कळते’ हे शब्द कदापि घालू नयेत. विलंबाचे कारणही लिहू नये, मग ते कितीही संभाव्य वाटो. न्यायालयीन प्रकरण, फेरतपासणी वगैरे कारणे आयोगाने स्वतः प्रसिद्धिपत्रकात दिली असतील तरच, त्या पत्रकाच्या दिनांकासह द्यावीत. आयोगाच्या अंदाजित वेळापत्रकातील महिना सांगायचा असल्यास ‘अंदाजित’ हा शब्द सोबत ठेवावा, कारण तो गाळला की मुले त्या महिन्यावर भाड्याच्या खोलीचे आणि नोकरीच्या रजेचे निर्णय घेऊन बसतात.

यादी आल्यावर जुना संदेश पुसू नये. त्याखाली नवा संदेश वेळेसह लिहावा आणि पीडीएफची प्रत पाठवण्याऐवजी आयोगाच्या पानाचाच दुवा द्यावा, कारण शुद्धिपत्रक निघाले तर ते त्या पानावरच सापडेल.