नवऱ्याच्या मित्रांना तुम्ही खटकता? जमण्याआधी या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासूनची सहाजणांची गँग, दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी जमणारी. तुम्ही दारात पाय ठेवताच त्यातला एकजण म्हणतो, "काय रे, आज परवानगी मिळाली वाटतं!" सगळे हसतात, नवराही हसतो. असं प्रत्येक वेळी होत असेल तर पुढचं वाचा. (बायकोच्या मैत्रिणींना नवरा खटकत असेल तरी हेच लागू पडतं, फक्त टोमणे वेगळे असतात.)

पहिली चूक म्हणजे मित्रांचा राग कशाचा आहे हे न तपासताच त्याच्याशी लढायला जाणं. पुष्कळदा त्याची सुरुवात नवऱ्याच्या नकारांतून झालेली असते. त्याला स्वतःलाच ट्रेकला जायचं नव्हतं, पण ग्रुपवर त्याने लिहिलं, "घरी विचारून सांगतो," आणि दोन दिवसांनी, "हिला नाही जमत." त्याची सुटका झाली आणि वाईटपणा तुमच्या वाट्याला आला. रद्द झालेले शेवटचे तीन बेत आठवून त्याला सरळ विचारा, ग्रुपवर नेमकं काय लिहिलं होतंस? कारण हेच निघालं तर उपायही तिथेच आहे. यापुढे त्याने नकार स्वतःच्या नावावर द्यायचा: "मला नाही जमणार, दमलोय." एका नकाराने मित्रांचं मत बदलत नाही, पण तुमच्या नावावर नवी उधारी चढायची थांबते.

दुसरी चूक, "तुझे मित्र असेच आहेत" अशी सुरुवात करणं. हे ऐकलं की नवरा त्यांचा वकील होतो आणि मूळ टोमणा बाजूलाच राहतो. वीस वर्षांच्या मैत्रीवर निकाल मागू नका, एक ठरावीक कृती मागा. तीही आदल्या दिवशी, चपला घालताना नव्हे. उदाहरणार्थ, "तो परवानगीचं बोलला की तू लगेच म्हण, 'अरे, यायचं की नाही हे मीच ठरवतो, ते जुनं झालं आता.' आणि विषय बदल." हे पहिल्याच टोमण्याला, हसऱ्या आवाजात व्हायला हवं. तिसऱ्या टोमण्यापर्यंत थांबलं की तेच वाक्य चिडून बाहेर पडतं आणि "बघा, वहिनींनी पढवून आणलंय" असं ऐकावं लागतं. हे बोलणं नवऱ्याचंच काम. टोमणा थेट तुम्हाला आला आणि तो गप्प राहिला, तर साध्या आवाजात "म्हणजे कसं?" एवढंच विचारा आणि थांबा. समजावून सांगायला लागलं की टोमण्यातली गंमत जाते. उलट टोमणा मात्र मारू नका. त्या खोलीत हशा त्यांच्या बाजूचाच असतो.

तिसरी चूक जरा गोड दिसते: सगळ्यांसाठी बिर्याणी करून नेणं, रात्री दोनपर्यंत बसणं, प्रत्येक भेटीला हजर राहणं. अनोळखी माणूस वारंवार दिसल्याने आवडू लागतो हे 1968 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी मांडलं, पण जो आधीच नावडता आहे त्याच्या बाबतीत हे हमखास चालत नाही, नावड वाढूही शकते. शिवाय बिर्याणीचं कौतुक झालं नाही की तुमच्याच मनात हिशेब सुरू होतो. म्हणून तीनपैकी एका भेटीला जा, दीड तास बसा, जेवण झालं की निघा. परतीची रिक्षा किंवा कॅब तुमची वेगळी, आणि हे यजमानांना आल्या आल्या सांगून ठेवा, म्हणजे उठताना रुसून गेल्यासारखं दिसत नाही. उरलेल्या दोन भेटींना नवऱ्याने एकट्याने जावं आणि त्याबद्दल तुम्ही घरी तोंड पाडू नये. मित्रांना जुना मित्र परत मिळतो, हे तुमच्याच फायद्याचं. गेलात त्या दिवशी सहाही जणांना जिंकायला जाऊ नका. जो टोमण्यांवर हसत नाही त्याच्याशी किंवा त्याच्या बायकोशी बोला.

शेवटची चूक परतल्यावर होते: दार लावताच पंचनामा. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या दांपत्यांवरच्या कामात एक उपयोगी खूण आहे. भांडताना नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. म्हणून त्या रात्री विषय नको. दुसऱ्या दिवशी कागदावर दोन रकाने करा: काय घडलं, आणि मी काय अर्थ लावला. "मला सोडून सगळ्यांना चहा विचारला" हे पहिल्यात, "मुद्दाम अपमान केला" हे दुसऱ्यात. नवऱ्याशी फक्त पहिल्या रकान्यातली एकच गोष्ट बोला, पुढच्या वेळी त्याने काय करावं यासकट. बोलायचंच नाही असं ठरलं तर ती खोडून टाका. न बोलता जपून ठेवलेली यादीच पुढे मनात आढी धरते.

टोमणे शरीरावर, जातीवर किंवा माहेरावर आले, किंवा तुमच्या घरातली भांडणं नवऱ्यानेच तिथे सांगितल्याचं कळलं, तर यातलं काही वापरू नका. तिथे जाणं थांबवा आणि नवऱ्याशी बोला. गरज वाटली तर समुपदेशकासमोर बसून.