मिड-रोल जाहिराती लावताना होणाऱ्या चुका : प्रेक्षक नेमका कुठे सुटतो?

यूट्यूबवर व्हिडिओ किमान 8 मिनिटांचा असेल तरच मधे जाहिरात लावता येते. 2020च्या जुलैपर्यंत ही मर्यादा 10 मिनिटांची होती. पहिली चूक इथेच होते. साडेसहा मिनिटांची गोष्ट ओढूनताणून 8 मिनिटं 5 सेकंदांवर नेली जाते. मधलं पाणी प्रेक्षकाला लगेच कळतं, तो पाचव्या मिनिटाला निघून जातो आणि सहाव्या मिनिटाची जाहिरात बघायला कुणी उरतच नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते : जागा घड्याळाकडे बघून ठरवणं. दर चार मिनिटांनी एक, असा हिशोब. उकडीच्या मोदकांचा 18 मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सारण 4:10 ला तयार होतं, उकड 8:20 ला झाकून ठेवली जाते, मग 13:30 पर्यंत पारी करणं आणि कळ्या पाडणं, त्यानंतर वाफवणं आणि शेवटी मोदक फोडून दाखवणं. चार मिनिटांच्या हिशोबाने जागा 4:00, 8:00, 12:00 आणि 16:00 वर पडतात. 4:00 ला गूळ अजून विरघळतोय. 12:00 ला बोटांच्या चिमटीत सातवी कळी आहे. ज्यासाठी माणूस व्हिडिओ बघायला आला, तेच मधे तुटतं.

याच व्हिडिओत चांगल्या जागा तीनच आहेत : सारण ताटात काढून गार करायला ठेवल्यावर 4:12, उकडीवर झाकण पडल्यावर 8:22 आणि मोदकपात्र बंद झाल्यावर 13:33. तिन्ही ठिकाणी स्वयंपाकही थांबलेला आहे. तिसरी सगळ्यात भक्कम, कारण झाकणाखाली काय झालंय हे बघायला प्रेक्षक थांबतो. 16:00 ची चौथी जागा सोडून द्या. तिथे आता मोदक फोडायचाय.

जागा लावायची ती यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या मॉनेटायझेशनच्या पानावरून. खुणेची पट्टी ओढून ठेवा आणि तिच्या आधीचे व नंतरचे पाच सेकंद कान देऊन ऐका. वाक्य संपायच्या आत किंवा पार्श्वसंगीत चालू असताना खूण पडली, तर ते दोन तुकडे झालेले ऐकू येतात. एडिटिंग करतानाच त्या जागी दीड-दोन सेकंद शांतता सोडली, तर नंतर शोधाशोध करावी लागत नाही. 2025च्या मे महिन्यापासून यूट्यूब स्वतःहून अशा नैसर्गिक थांब्यांवर जास्त जाहिराती दाखवतं, आणि आपण हाताने लावलेली जागा रसभंग करणारी वाटली तर स्टुडिओत तसं सांगतंही. ते सांगणं वाचा, पण पाककृती कुठे थांबते हे आपल्यालाच जास्त कळतं.

“छोट्याशा ब्रेकनंतर भेटू” हे वाक्य टाळा. खूण लावली म्हणजे तिथे प्रत्येकाला जाहिरात दिसेलच असं नाही, आणि प्रीमियमवाल्यांना तर दिसतच नाही. ब्रेकचं बोलून ब्रेक न आल्यावर ते विचित्र वाटतं. त्याऐवजी खुणेनंतरचं पहिलं वाक्य असं ठेवा की जाहिरात बघून आलेल्यालाही धागा सापडेल : “सारण गार होतंय तोवर उकड काढून घेऊ.” आणि पहिली खूण दुसऱ्या मिनिटाच्या आत नको. सुरुवातीची जाहिरात यूट्यूब स्वतःच्या मर्जीने दाखवतं. लगोलग दुसरी आली की प्रेक्षकाचा हात मागे जाण्याच्या बटणावर गेलाच म्हणून समजा. मधे प्रायोजकाचा भाग असेल, तर त्याच्या मागेपुढेही हेच पथ्य.

आता आलेख. कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक टिकून आहेत हे दाखवणारी रिटेन्शनची रेघ खुणेपाशी उतरली की सगळा दोष जाहिरातीला दिला जातो. नीट बघा : जाहिरातीमुळे गळती झाली असेल तर रेघ त्याच सेकंदाला पायरीसारखी खाली येते आणि मग सरळ चालते. खुणेच्या 20-30 सेकंद आधीपासूनच रेघ घसरत असेल तर आधीचा भागच कंटाळवाणा आहे, आणि जाहिरात काढूनही ती घसरणारच.

शंका असेल तर खूण 40 सेकंदांनी पुढच्या थांब्यावर न्या, दोन आठवडे जाऊ द्या, आणि आलेखासाठी बदलानंतरच्याच तारखा निवडा. नाहीतर जुने व्ह्यूज मिसळतात. पायरी खुणेबरोबर सरकली तर दोष खुणेचा, पायरी जुन्याच सेकंदाला राहिली तर तिथल्या दृश्याचा. ही तपासणी एका वेळी एकाच खुणेवर करा. तिन्ही एकदम हलवल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. दिवसाला 30-40 व्ह्यूज असलेल्या व्हिडिओवर तर ती करूच नका. तिथे चार माणसं निघून गेली तरी रेघ पायरीसारखी दिसते.