पावसाळ्याच्या बेगमीचा कांदा थेट सोसायट्यांत: आधी ढिगाचा हिशेब, मग गाडी

निफाड, चांदवड, येवला, सिन्नर भागात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की तिकडे ठाणे-डोंबिवलीत आणि आपल्या नाशिक शहरातही घरोघरी पावसाळ्याच्या बेगमीचा विचार सुरू होतो. तिखट, मसाला, डाळी आणि त्यांच्याबरोबर कांदा. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचे हे सहा आठवडे शेतकरी उत्पादक कंपनीला थेट विक्रीसाठी वर्षातले सगळ्यांत सोयीचे. पंधरा प्रकारचा भाजीपाला घेऊन सोसायटीत शिरणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. पण मेथी-कोथिंबीर संध्याकाळपर्यंत विकली नाही तर गेली. कांद्याची उरलेली गोणी परत आणता येते. कंपनीचे थेट विक्रीचे पहिले वर्ष असेल तर फक्त कांद्यानेच सुरुवात करा, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात मात्र गाडीपासून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपपासून करू नका. आधी ढिगाचा हिशेब करा, कारण बहुतेक कंपन्या इथेच फसतात. लासलगावला भाव १५ रुपये किलो, ठाण्यात किरकोळ ३५, म्हणजे किलोमागे २० रुपये सुटणार, असे संचालक मंडळाच्या बैठकीत सहज बोलले जाते. बाजार समितीत जातो तो सरसकट ढीग. सोसायटीत जातो तो निवडलेला कांदा. हा फरक त्या गणितात कुठेच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, आपापल्या भावाने बदलून घ्या. सभासदाकडे २५ क्विंटलचा ढीग आहे. सरसकट विकला तर १,५०० रुपये क्विंटलने ३७,५०० रुपये येतात. त्यातून मध्यम आकाराचा, एकसारखा, घट्ट मानेचा १५ क्विंटल कांदा कंपनीने काढून घेतला. मागे उरलेल्या १० क्विंटलमध्ये गोलटी, जोड कांदा, डेंगळे, जाड मानेचा माल. त्याला बाजारात १,५०० मिळणार नाहीत. १,००० धरले तर त्याचे १०,००० झाले. म्हणजे सभासदाचे नुकसान होऊ द्यायचे नसेल तर त्या १५ क्विंटलचे किमान २७,५०० रुपये त्याच्या हातात पडले पाहिजेत, किलोला सव्वाअठरा रुपयांहून थोडे जास्त. आपली खरी खरेदी किंमत १५ नाही, ही आहे. यापुढे जे सुटेल तोच फायदा.

आता १५ क्विंटलच्या, म्हणजे १० किलोच्या १५० गोण्या भरून एक पिकअप ठाण्याला नेऊ. निवड आणि भराईची मजुरी १,५००, जाळीच्या गोण्या ९००, जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास गाडीभाडे टोलसह ८,०००, सोबतच्या दोघांची मजुरी आणि जेवण २,०००, कंपनीचा खर्च किलोला २ रुपयांप्रमाणे ३,०००. एकूण १५,४००. कांद्याचे २७,५०० मिळवले की ४२,९०० होतात. पाच गोण्या बदलून देण्यात आणि फुटतुटीत गेल्या असे धरा. उरलेल्या १४५ गोण्यांवर गोणीमागे खर्चच जवळपास २९६ रुपये आला. ३०० ला विकली तर हातात काही नाही. ३३० ला विकली तर एका खेपेला ४,९५० रुपये सुटतात.

हीच गाडी अर्धी भरून नेली तर? गाडीभाडे आणि माणसांचा खर्च तेवढाच राहतो आणि गोणी ३६५ रुपयांच्या पुढे पडते. त्या भावात दारावरचा कांदेवालाही देतो. १२० गोण्या असतील तर खर्च ३१३ च्या आसपास येतो आणि ३३० च्या दरात थोडेफार उरते. म्हणून ठाण्यासाठी एक नियम करा: १२० गोण्यांची पक्की मागणी असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नाशिक शहरात, गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याला द्यायचे असेल तर गाडी आणि माणसांचा खर्च साडेतीन हजारांत बसतो. तिथे गोणी २५० च्या आसपास पडते आणि २८० ला देऊनही ठाण्याच्या जवळपास पैसे सुटतात. पहिल्या दोन खेपा शहरातच करा. चूक झाली तर दुपारी जाऊन गोणी बदलून देता येते.

१२० गोण्या खपायला किती घरे लागतात? पहिल्या वर्षी सात-आठ घरांमागे एक गोणी, यापेक्षा जास्त धरू नका. म्हणजे साधारण ९०० घरे, तीन-चार मोठ्या सोसायट्या, त्याही एकमेकींपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत. घोडबंदर रोडवर अशी संकुले सलग आहेत. एक सोसायटी मुलुंडला आणि दुसरी डोंबिवलीला घेतली की दिवस रस्त्यातच जातो. परवानगी सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्या. गाडी आत कुठे उभी राहील, किती वाजेपर्यंत, गेटवर नोंद कोण करेल, हे त्याच कागदावर आले पाहिजे. रहिवाशांच्या ग्रुपवर एकाने "या हो" म्हटले, म्हणून गेलेली गाडी गेटबाहेर अडते. मग रस्त्यावर विक्री सुरू होते आणि महापालिकेचा प्रश्न उभा राहतो. वार रविवार, वेळ सकाळी ८ ते ११. त्यासाठी निफाडहून रात्री अडीचच्या सुमारास निघावे लागते.

तारखा ठरवताना शाळांच्या सुट्ट्या पाहा. मेच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुंबई-ठाण्याची निम्मी घरे गावाला गेलेली असतात. मागणी नोंदवलेली असते, पण दाराला कुलूप. म्हणून एक फेरी एप्रिलच्या उत्तरार्धात आणि दुसरी मेच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा. जूनमध्ये गाडी ठेवू नका. घाटाखाली हवेतला दमटपणा वाढलेला असतो आणि वाटेत पाऊस लागला तर गोणीतला कांदा घामेजतो.

मागणी घेताना गोणीमागे ५० रुपये बयाणा घ्या, कंपनीच्या खात्याच्या क्यूआर कोडवर, कोणा संचालकाच्या नंबरवर नाही. बयाणा न घेता नोंदवलेल्या गोण्यांतल्या बऱ्याच खाली उतरून न्यायला कोणी येत नाही. दर मात्र महिनाभर आधी जाहीर करू नका. कांद्याचा बाजार दोन आठवड्यांत कुठल्या कुठे जातो. गाडीच्या दहा-बारा दिवस आधी मागणी उघडा आणि त्या फेरीपुरताच दर बांधा.

सभासदाचा दरही असाच बांधलेला हवा. भराईच्या आधीच्या तीन दिवसांतला लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतचा सर्वसाधारण भाव, त्यावर निवडीबद्दल ठरलेली वाढ, आणि पैसे भराईच्याच दिवशी. बाजार समितीत पट्टी लगेच हातात पडते. कंपनी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणू लागली की भाव चढल्याबरोबर ट्रॅक्टर बाजाराकडे वळतो, आणि त्यात शेतकऱ्याचा काही दोष नाही. एका फेरीचे २७-२८ हजार रुपये खेळते भांडवल म्हणून बाजूला ठेवूनच काम सुरू करा.

आता मालाकडे. सोसायटीचा कांदा शेतातच ठरतो. माना निम्म्याहून अधिक पडल्यावर काढलेला, पातीखाली तीन-चार दिवस शेतात सुकवलेला, साधारण एक इंच मान ठेवून कापलेला आणि नंतर दहा-पंधरा दिवस सावलीत वाळवलेलाच कांदा घ्या. लागवडीनंतर दोन महिने उलटून गेल्यावरही युरिया टाकलेला असेल तर तो कांदा दिसायला मोठा असतो, पण टिकत नाही. ती नोंद सभासदाकडून मागून घ्या. काढणीनंतर अवकाळी पावसात भिजलेला ढीग कितीही सुकलेला वाटला तरी सोसायटीला देऊ नका. रांगडा कांदाही नको. भाव पडलेला असतो म्हणून मोह होतो, पण तो साठवणीचा कांदाच नाही.

तपासणी हातानेच होते. मान अंगठा आणि बोटात धरून दाबा. ती मऊ लागली, दबली, तर आत ओल आहे आणि सड तिथूनच सुरू होईल. पक्क्या कांद्याची मान कागदासारखी कोरडी असते आणि मूठभर कांदे हलवले की पत्ती वाजते. मग साल थोडी सोलून काजळी पाहा. वरच्या सुक्या पत्तीवर काळी भुकटी असली तरी तो ढीग बाजूला ठेवा.

प्रत्येक गोणीत १० किलोवर १५०-२०० ग्रॅम जास्त भरा, कारण घरी जाईपर्यंत कांद्याचे वजन उतरते आणि शहरातली गृहिणी घरच्या काट्यावर तोलून पाहते. गोणीला चिठ्ठी बांधा: कंपनीचे नाव, वजन, भरल्याची तारीख आणि सभासदाचा क्रमांक. प्रत्येक सभासदाच्या मालातली एक गोणी गोदामात राखून ठेवा. पंधरा दिवसांनी ठाण्याहून कांदा सडल्याचा फोन आला की त्याच क्रमांकाची गोणी उघडा. तीही सडली असेल तर दोष मालाचा. त्या ढिगाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करून पैसे परत द्या आणि त्या सभासदाचा पुढचा माल थांबवा. राखलेली गोणी ठणठणीत असेल तर घरातली साठवण चुकली आहे. बहुतेक वेळा गोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, बटाट्याशेजारी किंवा ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवलेली असते. म्हणून चिठ्ठीच्या मागे चार ओळी छापा: जाळीतच ठेवा, हवेशीर जागी टांगा, बटाट्यापासून लांब, आठवड्याला एकदा चाळून खराब कांदा काढा. आणि "चार महिने टिकेल" असे आश्वासन देऊ नका. आपल्या चाळीत कांदा चार-पाच महिने राहतो, पण मुंबईच्या पावसाळी हवेत, बंद फ्लॅटमध्ये, दीड-दोन महिन्यांचाच भरवसा द्या.

कागदपत्रांचे थोडक्यात. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला, त्यामुळे थेट विक्रीला बाजार समितीचा सेस लागत नाही. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही. कंपनीच्या नावावर अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनाचा चालू वर्षाचा शिक्का असू द्या आणि प्रत्येक फेरीचे बिलबुक वेगळे ठेवा.

दीड-दोन महिन्यांचाच भरवसा दिल्यामुळे ऑगस्टमध्ये त्याच घरांना पुन्हा कांदा लागणार. त्यासाठी सभासदांच्या चाळीत कोणाचा किती माल राखायचा, हे मे अखेरीलाच ठरवून घ्या. ऑगस्टचा दर लावताना चाळीतली घट आणि सड ढिगाच्या हिशेबात आधी धरा, आणि फेरी पावसाची उघडीप पाहूनच काढा.