‘पोर्ट तुटला’ असं लिहिलंत की दावा अर्धा गेला : गेम कन्सोलच्या तक्रारपत्रात या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने ऑनलाइन घेतलेला कन्सोल पाच आठवड्यांत टीव्हीवर दिसेनासा झाला. त्याने विक्रेत्याला एका ओळीत कळवलं, ‘एचडीएमआय पोर्ट तुटला आहे, बदलून द्या.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की बाह्य इजा वॉरंटीत बसत नाही. त्यांना कारण शोधावंच लागलं नाही, ते भाच्यानेच लिहून दिलं होतं.

जवळपास प्रत्येक वॉरंटीत आपटणं, वाकणं, तुटणं वगळलेलं असतं. त्यामुळे काय मोडलं यापेक्षा काय घडतंय ते लिहा. भाच्याचा कन्सोल सुरू व्हायचा, दिवा लागायचा, पण टीव्हीवर ‘No Signal’ यायचं. केबल किंचित वर दाबून धरली की चित्र यायचं, सोडली की जायचं. पोर्टच्या आतल्या पट्टीवरचे संपर्क मात्र सरळ होते, कडेची पत्र्याची चौकटही वाकलेली नव्हती. म्हणजे पोर्ट बोर्डाला जिथे डाखलेला असतो, तिथला जोड सैल असण्याची शक्यता जास्त. हा निर्मितीतला दोष असू शकतो आणि तो वॉरंटीतच येतो. याउलट आतला एखादा संपर्क वाकलेला किंवा चौकट चेपलेली दिसली, तर बहुधा केबल तिरकी घुसवली गेली आहे. तसं असेल तर खोटं लिहू नका. सर्व्हिस सेंटरमध्ये ते पहिल्या नजरेत कळतं. पैसे भरून दुरुस्ती मागणं हाच तेव्हा सरळ मार्ग.

पत्राआधी तीन चाचण्या करा : कन्सोल दुसऱ्या केबलने लावून बघा, दुसऱ्या टीव्हीला लावून बघा, आणि त्याच टीव्ही-केबलवर सेट-टॉप बॉक्स चालतो का ते बघा. तिन्हींचा एकसलग व्हिडिओ काढा. टॉर्च मारून पोर्टचा आतला फोटो आणि अनुक्रमांकाचा फोटो घ्या. बिलावर अनुक्रमांक छापलेला असेल तर तो यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळतो ना, तेही पाहा.

भाचा एवढ्यात कन्सोल घेऊन महात्मा गांधी रोडवरच्या दुरुस्तीवाल्याकडे निघाला होता. ‘मामा, फक्त उघडून बघायला सांगतो,’ म्हणाला. मी त्याला अडवलं. बाहेर उघडलेल्या यंत्राबद्दल ‘छेडछाड झाली’ असं म्हणायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं, आणि मग मूळ दोष सिद्ध करणं आपल्यावर येतं.

आणखी एक चूक म्हणजे पाच आठवड्यांनी ‘माल वाहतुकीत खराब झाला’ असं लिहिणं. पार्सल उघडताना तक्रार केली नसेल, तर ते टिकत नाही. भाच्याचं दुसरं पत्र आम्ही असं लिहिलं :

‘विषय : वॉरंटी काळातील सदोष कन्सोल बदलून मिळण्याबाबत.
ऑर्डर क्र. …, बिल दिनांक 2 जून, अनुक्रमांक … . 9 जुलैपासून एचडीएमआय जोडणी वारंवार तुटते. दोन केबल आणि दोन टीव्हींवर तोच दोष येतो. त्याच केबलवर दुसरं उपकरण नीट चालतं. यंत्र पडलेलं नाही, उघडलेलं नाही. पोर्टला बाह्य इजा नाही, फोटो जोडला आहे. कृपया यंत्र बदलून द्यावे. तपासणी करायची असल्यास लेखी अहवाल द्यावा. 15 दिवसांत लेखी निर्णय कळवावा.’

‘लेखी अहवाल’ हे शब्द गाळू नका. फोनवरच्या नकाराचा पुढे काही उपयोग होत नाही. कित्येक वॉरंटींत दुरुस्ती की बदली हे कंपनी ठरवते, हेही ध्यानात ठेवा. पहिल्यांदा दुरुस्तीचा प्रस्ताव आला तर तो लगेच धुडकावू नका. बदललेल्या भागाची नोंद लेखी घ्या. तोच दोष परत आला, तर बदलीची मागणी पहिल्यापेक्षा जड होते.

‘रिटर्नची मुदत संपली, कंपनीकडे जा’ हे उत्तर येतंच. त्यावर गप्प बसू नका. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असं ई-कॉमर्स नियम, 2020 सांगतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची, हेही त्यांतच आहे. म्हणून पत्र चॅटवर न टाकता त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवा आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला द्या. पोच आली की तक्रार क्रमांक टिपून ठेवा.

तरीही हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता बंगळूरचा असो की गुरुग्रामचा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे, म्हणजे नाशिकलाच, तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

पिकअपवाला आला की बॉक्स बंद करण्याआधी पोर्ट आणि अनुक्रमांक पुन्हा एकदा व्हिडिओत घ्या. वाटेत काही वाकलं तर यंत्र घरून कसं निघालं ते त्यात दिसेल.