तळघरातला उपसा पंप: खड्डा, फ्लोट आणि एनआरव्ही

साइटवर नवीन आलेला माणूस आधी विचारतो, "किती एचपीचा पंप टाकू?" हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी येणारं पाणी मोजायचं. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो. मे महिन्यात कोरडा ठाक दिसणारा खड्डा आषाढात झऱ्यासारखा वाहतो, म्हणून मोजणी दोन-तीन दिवस झड लागल्यावरच करावी.

रत्नागिरीत खाडीजवळच्या इमारतीखालचं पार्किंग असं उदाहरण घेऊ. खड्डा आतून ९० बाय ९० सेंटिमीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर वाढली की साधारण ८ लिटर पाणी आलं. पंप बंद ठेवून पट्टी धरली आणि २ मिनिटांत पाणी १५ सेंटिमीटर चढलं, तर आवक झाली मिनिटाला ६० लिटर. पंप याच्या दुप्पट घ्यावा, मिनिटाला १२० लिटर. पण हा आकडा आपल्या हेडला मिळाला पाहिजे. पाण्यापासून बाहेरच्या तोंडापर्यंतची उंची साडेचार मीटर, त्यात पाइप आणि बेंडचं घर्षण धरून ६ मीटर. पाटीवर मोठ्या अक्षरात छापलेला लिटरचा आकडा बहुधा शून्य हेडचा असतो, त्याला भुलू नये. कंपनीच्या तक्त्यात ६ मीटरसमोर काय लिहिलंय ते बघावं.

आता खड्डा. त्याचं खरं काम पाणी साठवून ठेवणं नाही, मोटर सारखी चालू-बंद होऊ न देणं हे आहे. तासाला १० वेळा चालू होणं चालत असेल, तर एक फेरी ६ मिनिटांची. चालू आणि बंद पातळीमधलं पाणी असं काढायचं:

```
V = Q × T / 4 = 120 × 6 / 4 = 180 लिटर
```

आपल्या खड्ड्यात हे २२ सेंटिमीटर होतं, आपण २५ धरू. हाच खड्डा ६० बाय ६०चा केला तर ५० सेंटिमीटर लागतात, आणि तेवढी खोली मिळाली तरी फ्लोटला फिरायला जागा उरत नाही. तो भिंतीला किंवा पाइपाला अडकतो. उपसा पंप बंद पडला म्हणून बोलावणं आलं, की पहिल्यांदा हेच तपासावं.

खोली १२० सेंटिमीटर ठेवा. पंप थेट तळावर न ठेवता १० सेंटिमीटरच्या चिऱ्यावर बसवा, म्हणजे लाल गाळ इंपेलरमध्ये जात नाही. तळापासून बंद ३०ला, चालू ५५ला, भोंग्याचा वेगळा फ्लोट ६५ला आणि आत येणाऱ्या पाइपचा तळ ७०ला. बंद पातळी ठरवताना मोटर किती बुडलेली हवी हे कंपनीच्या कागदावर बघून घ्या.

चालू-बंदमधलं अंतर क्लॅम्प आणि फ्लोट यांच्यामधल्या मोकळ्या वायरच्या लांबीवर ठरतं. वायर लांब केली की अंतर वाढतं. नेमका आकडा बादल्या ओतून, भिंतीवर खडूच्या खुणा करून मिळवा. बाजारातला तीन वायरींचा फ्लोट टाकी भरायलाही चालतो आणि उपसायलाही. जोडणी उलटी झाली तर पंप कोरडा चालतो आणि पाणी चढलं की बंद होतो. म्हणून वीज जोडण्याआधी मीटर लावा. फ्लोट वर उचलल्यावर कंटिन्युइटी मिळाली पाहिजे.

भोंगा वाजल्यापासून झाकणापर्यंत ५५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ४४५ लिटर. मिनिटाला ६०ने ते साडेसात मिनिटांत भरतं. पावसात लाइट तासन्‌तास जाते, तेव्हा खड्डा मोठा करून भागत नाही. इन्व्हर्टर किंवा जनरेटर हवाच, आणि भोंगा वेगळ्या बॅटरीवर.

एनआरव्ही कशाला, तर पाइपमधलं पाणी परत येऊ नये म्हणून, असं सांगतात. २ इंची पाइपच्या ५ मीटर उभ्या भागात जेमतेम १० लिटर मावतात, म्हणजे आपल्या खड्ड्यात सव्वा सेंटिमीटर. खरी धास्ती गटाराची. उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की बाहेरचं तोंड बुडतं आणि गटाराचं पाणी सायफनने तळघरात उतरतं. तेव्हा तोंड गटाराच्या तुंबलेल्या पातळीच्या वर काढा आणि एनआरव्हीही लावा.

स्प्रिंगवाला स्वस्त व सुटसुटीत, पण जांभ्याची खर सीटवर बसली की तो नीट मिटत नाही. गाळाच्या पाण्याला बॉलचा बरा. फ्लॅपचाही चालतो, पण खाऱ्या हवेत लोखंडी पिन गंजते, म्हणून पीव्हीसी बॉडी आणि स्टेनलेसची पिन बघा. तो झाकणाच्या वर, हात पोहोचेल तिथे, दोन्ही बाजूंना युनियन लावून बसवा. त्याच्या पुढे एक बॉल व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे साफ करताना वरचं पाणी अंगावर येत नाही.

एक छोटी गोष्ट बहुतेक जण विसरतात. एनआरव्हीच्या खाली, खड्ड्याच्या आतल्या पाइपला ४ मिलिमीटरचं भोक पाडा, तोंड खाली तिरकं. ते नसेल तर पंप आणि एनआरव्हीमध्ये हवा कोंडते. मोटर गुरगुरते, वीज खाते, पाणी मात्र येत नाही, आणि पंप जळाला म्हणून तो उगाच दुकानात जातो. पंप चालू असताना या भोकातून बारीक धार खड्ड्यात पडत राहते. ती गळती समजून एम-सील लावू नका.