रेझ्युमे लिहून देताय? आधी फोनवर अर्धा तास बोला
जुना रेझ्युमे मागवून नुसता तोच सजवून देऊ नका, आधी कॉल घ्या. चाकणच्या एका स्टोअरकीपरने मला एवढंच लिहून पाठवलं होतं, "स्टोअर सांभाळतो". मग विचारलं, रोज किती गाड्या उतरतात, स्टॉकचा हिशोब कशात ठेवता, तुम्ही आल्यावर काय बदललं? तेव्हा कळलं की रजिस्टर बंद करून सगळं एक्सेलवर यानेच आणलंय, आणि हे त्याला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं! तीन दिवसांची मुदत देत असाल तर ती कॉल झाल्यापासून मोजायची, पैसे आल्यापासून नाही, हे आधीच सांगून टाका. आणि आधार, पॅन, सॅलरी स्लिप मागूच नका, रेझ्युमेला लागतच नाहीत, तरी लोक व्हॉट्सॲपवर पाठवतातच, लगेच डिलीट करून तसं कळवायचं.